आडव्या दांडीत अडकलेलं बेसिनचं पॉप-अप बूच: खालून सोडवण्याची पद्धत

बेसिनमधलं पॉप-अप बूच वर येईना, की बहुतेक जण पक्कड घेऊन ते वरून ओढायला लागतात. जोर वाढत जातो, बुचाच्या कडेचा मुलामा निघतो आणि एका क्षणी कट्‌ असा आवाज होऊन बुचाची खालची कडी तुटते. खरं तर बूच त्या कडीतून गेलेल्या आडव्या दांडीने खालून अडवलेलं असतं. ही दांडी बाहेर आली की बूच दोन बोटांनी उचलता येतं. ती जागेवर असेपर्यंत वरून लावलेला सगळा जोर कडीवर आणि दांडीच्या टोकावर जातो.

आधी भाग ओळखून घ्या

नळाच्या मागे वर-खाली होणारी छोटी दांडी दिसते, तिला इथे उभी दांडी म्हणू. बेसिनखाली ती भोकाभोकांच्या पट्टीला छोट्या स्क्रूने जोडलेली असते. पट्टीच्या एका भोकातून आडवी दांडी जाते आणि ती सरकू नये म्हणून तिथे स्प्रिंगची चिमटी असते. आडव्या दांडीवर प्लास्टिकची एक गोळी असते. वेस्ट पाइपच्या बाजूला फुटलेल्या आखूड तोंडात ही गोळी बसते आणि तिच्यावरून नट घट्ट होतो. दांडीचं आतलं टोक गोळीच्या पलीकडे पाइपात शिरून बुचाच्या कडीतून जातं.

ही सगळी रचना सी-सॉसारखी चालते आणि गोळी हा तिचा टेकू आहे. बाहेरचं टोक वर गेलं की आतलं खाली जातं आणि बूच बंद होतं. बाहेरचं टोक खाली दाबलं की बूच उघडतं. पुढच्या प्रत्येक पायरीत हे उपयोगी पडेल.

टप्पा १: तुमचं बूच खरोखर याच प्रकारचं आहे का?

नळामागे दांडीच नसेल आणि बूच दाबून उघड-बंद होत असेल, तर ते दाबाचं बूच आहे. ते आट्यांवर फिरवून निघतं आणि हा लेख त्यासाठी नाही.

उभी दांडी असेल तर ती खाली दाबून बूच उघडं करा. मग बूच हलक्या हाताने सरळ वर उचलून पाहा. काही बुचं दांडीवर नुसती टेकलेली असतात, ती लगेच हातात येतात. नाही आलं तर डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, पाव फेरा फिरवून पुन्हा उचला. काही बुचांच्या शेपटीला बंद कडीऐवजी खाच असते आणि ती अशी सुटतात. दोन्ही प्रयत्न फसले तर दांडी बंद कडीतून आरपार गेलेली आहे, किंवा बूच खाचेचंच आहे पण केसांनी जाम झालं आहे. दोन्हींत काम खालूनच करायचं.

> सावध: इथे बोटांचाच जोर लावायचा. पक्कड अजून हातात घेऊ नका.

टप्पा २: तयारी

बेसिनखालचं सगळं सामान बाहेर काढा. अर्धवट रिकाम्या जागेत हात वाकडा पडतो आणि वाकड्या हाताने नटाच्या आट्या बिघडतात. वेस्ट पाइपच्या थेट खाली रुंद टब ठेवा. बादली बऱ्याचदा ट्रॅपखाली, म्हणजे पाणी अडवून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपखाली, मावत नाही.

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत: विजेरी, जुनी फडकी, रबरी हातमोजे, सरकत्या जबड्याची पक्कड, जुना टूथब्रश, कडांना दाते असलेली केस काढायची प्लास्टिकची पट्टी, पांढरा व्हिनेगर, खुणेचा पेन आणि थोडं सिलिकॉन ग्रीस. साधी पेट्रोलियम जेली ग्रीस म्हणून वापरू नका, तिच्यामुळे रबरी वायसर फुगतात आणि मऊ पडतात.

बूच बंद अवस्थेत अडकलं असेल आणि बेसिनमध्ये पाणी साचलं असेल, तर ते मगाने आणि स्पंजाने पूर्ण काढा. नट उघडल्यावर बूच जरा जरी सरकलं तरी हे पाणी त्याच तोंडातून तुमच्या मनगटावर येणार.

> सावध: गेल्या एक-दोन दिवसांत पाइप मोकळा करायचं रसायन ओतलं असेल तर ते कडीभोवती आणि ट्रॅपमध्ये अजूनही असू शकतं. पाणी जात असेल तर आधी भरपूर पाणी सोडून ते धुऊन काढा. पाणी जात नसेल तर साचलेलं पाणी रसायनच समजा आणि डोळ्यांवर चष्मा व हातात मोजे घातल्याशिवाय नटाला हात लावू नका. अशा वेळी व्हिनेगर मुळीच वापरायचं नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

काही उघडण्याआधी दोन बाजूंनी फोटो काढा. आडवी दांडी पट्टीच्या कोणत्या भोकात आहे तिथे पेनने खूण करा. ही खूण राहिली तर शेवटी बूच पुन्हा जुळवण्यात अर्धा तास जाणार नाही.

टप्पा ३: जाम नेमका कुठे आहे?

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि पुढच्या चुका तिथूनच सुरू होतात. जाम तीन ठिकाणी असू शकतो: बाहेरच्या पट्टीत, नटाखालच्या गोळीत किंवा पाइपातल्या कडीपाशी. तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

स्प्रिंगच्या चिमटीची दोन्ही टोकं बोटांनी दाबून ती मागे सरकवा आणि पट्टी आडव्या दांडीवरून काढा. आता आडवी दांडी एकटी उरली. तिचं बाहेरचं टोक दोन बोटांनी वर-खाली करून पाहा.

ती सहज हलली आणि वरचं बूचही तिच्याबरोबर हललं, तर आत काहीच अडकलेलं नाही. उभ्या दांडीचा स्क्रू सैल झाला आहे किंवा पट्टी वाकली आहे. स्क्रू आवळा, पट्टी सरळ करा. नट उघडायची गरज नाही.

दांडी सहज हलली पण बूच जागचं हललं नाही, तर दांडीचं टोक कडीबाहेर आलं आहे किंवा गंजून तुटलं आहे. नट उघडावा लागेल, पण ओढाताण होणार नाही.

दांडी हललीच नाही, तर नट अर्धा फेराच सैल करा, पूर्ण काढू नका. कोणत्या दिशेला फिरवायचा ते पुढच्या टप्प्यात आहे. नट सैल होताच दांडी हलायला लागली, तर गोळी जाम होती. नट कोणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळला असेल किंवा गोळीवर क्षार साचले असतील. नट सैल करूनही दांडी अडूनच राहिली, तर अडचण कडीपाशी आहे.

कडीपाशी काय अडलंय हे हाताला कळतं. दांडी दोन-तीन मिलिमीटर सरकून रबरासारखी परत येत असेल तर केसांचा गुंता आहे. एका जागी दगडावर आपटल्यासारखी थांबत असेल तर क्षार किंवा गंज आहे. हा फरक नीट ओळखा. केसांवर व्हिनेगर ओतून काही उपयोग नाही आणि क्षाराला केसांची पट्टी काही करू शकत नाही.

टप्पा ४: नट सोडवणे

हा गोळीचा नट ट्रॅपचा नट नव्हे. ट्रॅपचे नट मोठे असतात आणि उभ्या पाइपभोवती बसतात. आपला नट लहान असतो, पाइपच्या बाजूला असतो आणि त्याच्या मधोमध दांडी बाहेर आलेली दिसते. चुकीचा नट फिरवला तर ट्रॅपमधलं सगळं पाणी टबात येईल आणि बूच होतं तिथेच राहील.

दिशेचा गोंधळ इथे सर्वांत जास्त होतो. हा नट सहसा मागच्या भिंतीकडे तोंड करून असतो आणि आपण समोरून हात घालतो. नटाकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा असतो, पण आपण नटाच्या पाठीमागे असल्यामुळे आपल्याला तीच दिशा काट्यांप्रमाणे दिसते. सोपी खूण अशी: बेसिनसमोर उभ्या माणसाच्या दृष्टीने नटाची वरची कड उजवीकडे गेली पाहिजे. तुमच्याकडे दांडी बाजूला निघाली असेल, तर दांडीच्या बाहेरच्या टोकाकडून नटाकडे पाहतोय अशी कल्पना करा आणि काट्यांच्या उलट फिरवा.

एका हाताने वेस्ट पाइप घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने नट फिरवा. पाइप नटाबरोबर फिरला तर बेसिनच्या तोंडाशी असलेलं सील तुटतं आणि साध्या कामाला वेगळीच गळती चिकटते. हाताने नट हलला नाही तर त्यावर फडकं गुंडाळून पक्कड लावा आणि पाव-पाव फेरा फिरवा. मोठा पाइप पाना नको. प्लास्टिकच्या नटाला तो चिरतो आणि फाटलेला नट पाण्याच्या प्रवाहात गळतोच.

तरीही हलत नसेल तर फडक्याची पट्टी व्हिनेगरमध्ये भिजवून नटाभोवती अर्धा तास गुंडाळा. त्यानंतर पाण्याने धुऊन पुन्हा प्रयत्न करा. तासन्‌तास ठेवू नका, क्रोमच्या मुलाम्यावर डाग पडतात.

> तपासा: नट सैल होताना तो दांडीवरून बाहेर सरकतोय का? नुसता गोल फिरतोय आणि जागचा सरकत नाही, तर आट्या गेल्या आहेत. असा नट परत लावू नका, नवीन आणा.

टप्पा ५: दांडी बाहेर काढणे

नट पूर्ण सुटला की त्याला दांडीवरच मागे सरकू द्या. आता दांडी तिच्या स्वतःच्या रेषेत बाहेर ओढायची. वर-खाली उचकटून ओढली तर आतलं टोक कडीत तिरकं अडकतं आणि पातळ झालेली दांडी तिथेच मोडते. दांडी बोटांत धरून किल्लीसारखी थोडी डावी-उजवीकडे फिरवत ओढा. या फिरवण्याने टोकाभोवती वेढलेले केस सैल होतात.

केसांचा जाम असेल तर ओढण्याआधी वरून काम करा. दांडीचं बाहेरचं टोक खाली दाबून बूच जितकं वर येईल तितकं आणा. मग दात्यांची पट्टी बुचाच्या कडेने खाली सोडा, अर्धा फेरा फिरवा आणि वर काढा. चारही बाजूंनी हे दोन-तीनदा करा. पहिल्या खेपेला राखाडी, चिकट केसांचा एक दोर वर येतो. तो निघाला की दांडी बहुधा स्वतःहून मोकळी होते.

क्षाराचा जाम असेल तर नट हाताने परत बसवा, बुचाच्या कडेने एक कप व्हिनेगर हळूहळू ओता, दहा-दहा मिनिटांनी थोडं थोडं पुन्हा ओतत राहा. ते खाली वाहून जातंच, म्हणून एकदम ओतण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासाने पाणी सोडा आणि नट पुन्हा उघडा.

शेवटची झुंज दोघांनी मिळून केलेली बरी. एकाने वरून बूच एखाद-दोन मिलिमीटर वर-खाली करत राहायचं आणि दुसऱ्याने खालून दांडी ओढायची. कडी आणि दांडी एकमेकींना ज्या बिंदूवर दाबून धरतात तो बिंदू असा सतत बदलत राहतो आणि एका क्षणी दांडी निसटते. एकटे असाल तर बूच वरच्या बाजूला ताणलेलं राहिलेलं नाही ना, एवढं पाहा. ताणलेल्या बुचाने दांडी सर्वांत घट्ट धरली जाते.

> सावध: दांडी निघाली की पाइपच्या बाजूला एक उघडं भोक आहे हे विसरू नका. टबातलं घाण पाणी सवयीने त्याच बेसिनमध्ये ओतलं जातं आणि ते सगळं कपाटात येतं. नळावर चिकटपट्टी लावून ठेवली तर हात आपोआप थांबतो.

दांडीचं टोक आतच मोडलं तर घाबरायचं कारण नाही. बूच आता मोकळं झालं आहे, ते वरून उचला. तुकडा कडीत असेल तर बाहेर येईल, नसेल तर ट्रॅपच्या तळाशी असेल. ट्रॅप उघडून तो काढून टाका, नाहीतर पुढचे केस त्यालाच अडकतील.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा, बूच अर्धवट बंद आहे, पाणी अगदी सावकाश जातं आणि उभी दांडी वर-खाली होत नाही. पट्टी काढली तरी आडवी दांडी हलत नाही. नट अर्धा फेरा सैल केला तर ती थोडी हलते, म्हणजे गोळी घट्ट होती. पण ती तीन मिलिमीटरवर थांबून परत येते, म्हणजे आत केसही आहेत. इथे दोन जाम एकावर एक आहेत आणि पहिला सुटला म्हणून लगेच ओढायला गेलं तर दांडी वाकते. नट तसाच अर्धा सैल ठेवून वरून केस काढायचे. दांडी खालच्या टोकापर्यंत मोकळी जायला लागली, की मगच नट पूर्ण उघडून ती ओढायची. नट अर्धवट सैल असताना तिथून थेंब पडतात, त्यासाठीच टब आहे.

टप्पा ६: साफसफाई आणि काय बदलायचं

बूच, कडी आणि दांडी साबणाच्या गरम पाण्यात टूथब्रशने घासा. गोळीवर तारेची घासणी लावू नका. तिच्यावर ओरखडे पडले तर त्याच रेषांमधून पाणी झिरपतं. गोळीवरून नख फिरवा, नख अडत असेल तर गोळीसह दांडी बदला. दांडीचं टोक मधल्या भागापेक्षा पातळ झालं असेल तरीही बदला. आज ती बाहेर आली, पुढच्या वेळी आत मोडेल.

गोळीच्या आतल्या बाजूला एक वायसर असतो, काही जोडण्यांत बाहेरच्या बाजूलाही दुसरा असतो. आतला वायसर पुष्कळदा तोंडातच चिकटून राहतो. तो बोटाने चाचपून काढा, नाहीतर नवीन वायसर जुन्यावर बसतो आणि नट कितीही आवळला तरी गळत राहतो. नवीन दांडी आणताना जुनी बरोबर न्या आणि गोळीपासून आतल्या टोकापर्यंतची लांबी जुळवा. आखूड दांडी कडीपर्यंत पोहोचत नाही आणि लांब दांडी पाइपच्या आत समोरच्या भिंतीला घासते.

टप्पा ७: परत बसवणे

आधी बूच, मग दांडी. उलट केलं तर दांडी आडवी येते आणि बूच खाली जातच नाही. बूच सोडताना त्याची कडी दांडीच्या तोंडाकडे वळवा. मग खालून त्या तोंडात विजेरी मारा. कडीचं भोक समोर दिसलं पाहिजे, दिसेपर्यंत वरून बूच थोडं थोडं फिरवा.

गोळीला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात लावा, वायसर मूळ क्रमाने घाला आणि दांडी आत सरकवा. ती कडीतून गेली की नाही हे पाहायला बूच वरून हलकं उचला. ते अडलं पाहिजे. नट पहिले दोन-तीन फेरे फक्त बोटांनी फिरवा, म्हणजे आट्या तिरक्या लागणार नाहीत. आट्यांना टेफ्लॉन टेप लावायची गरज नाही, इथे पाणी गोळी आणि वायसर अडवतात.

नट हाताने घट्ट झाला की थांबा. दांडी एका बोटाने वर-खाली होत असेल आणि सोडली तरी जवळपास त्याच जागी थांबत असेल, तर ताण बरोबर आहे. पुढे गळती दिसली तरच आणखी पाव फेरा द्या. गोळी जाम होण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे गळतीच्या भीतीने आधीच आवळून ठेवलेला नट.

काही बुचं कडीत न अडकवताही चालतात. कडी बाजूला वळवून बूच दांडीवर नुसतं टेकवायचं. पुढच्या वेळी केस काढायला ते सरळ उचलता येईल. बूच स्वतःच्या वजनाने नीट बसत असेल तरच हे करा. हलकं बूच पूर्ण बंद होत नाही आणि पाणी हळूहळू उतरत राहतं.

टप्पा ८: पट्टी जुळवणे आणि गळती पाहणे

आडवी दांडी खुणेच्या भोकात घाला आणि चिमटी अशी लावा की तिची एक बाजू पट्टीच्या पुढे आणि एक मागे येईल. उभी दांडी वर ओढल्यावर बूच पूर्ण बसलं पाहिजे आणि खाली दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर वर आलं पाहिजे. बसत नसेल तर पट्टीचा स्क्रू सैल करा, बूच बंद करून धरा, उभी दांडी वरच्या टोकाच्या किंचित खाली ठेवा आणि स्क्रू आवळा.

आता नळावरची चिकटपट्टी सोडवा आणि बेसिन भरा. बूच बंद असताना नट कोरडा दिसला म्हणून खूश होऊ नका. नट बुचाच्या खाली आहे, भरलेलं पाणी तिथवर पोहोचलेलंच नाही. नटाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा, बूच उघडा आणि पाणी जात असतानाच टिश्यू पाहा. ओला डाग आला तर पाव फेरा आणि पुन्हा भरलेलं बेसिन. दोनदा पाव-पाव फेरा देऊनही डाग येत असेल तर आणखी आवळू नका. वायसर तिरका बसला आहे किंवा जुना आतच राहिला आहे, तो काढून पाहा.

टिश्यू दोन खेपांना कोरडा राहिला की टब काढा.